रिकाम्या रांगेचे हेलपाटे

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एखादा प्रोग्रॅम सेकंदाला दहा वेळा "काही काम आलंय का?" असं विचारत बसला, तर चोवीस तासांत तो हाच प्रश्न ८ लाख ६४ हजार वेळा विचारतो. समजा, त्या दिवशी खरोखरची कामं आली चारशे. म्हणजे उरलेल्या ८ लाख ६३ हजार ६०० वेळा त्याला एकच उत्तर मिळालं: नाही. तरीही तो थकत नाही, कुरकुरत नाही, त्यामुळे त्याच्या या हेलपाट्यांकडे कुणाचं लक्षही जात नाही. लक्ष जातं ते महिन्याअखेरी क्लाउडचं बिल येतं तेव्हा, किंवा डेटाबेस उगाच दमलेला दिसतो तेव्हा.

यावर तोडगा साधा वाटतो: कमी वेळा विचारावं. पण तसं केलं की ज्याचं काम आलंय तो ताटकळतो. वारंवार विचारलं तर फुकटची धावपळ, क्वचित विचारलं तर उशीर, या कात्रीतून सुटण्याची एक जुनी आणि सोपी युक्ती संगणकाच्या जगात वापरली जाते. रांग रिकामी आहे असं दिसत राहिलं की विचारणा हळूहळू विरळ करायची, आणि एक जरी काम हाती लागलं की लगेच पुन्हा झपाट्याने विचारायला लागायचं. तिला ॲडॅप्टिव्ह पोलिंग म्हणतात. ती दहा ओळींत लिहिता येते. मात्र त्या दहा ओळींतला एक आकडा ठरवताना भल्याभल्यांची चूक होते.

घंटा की फेरी

आधी ही रांग कुठे असते ते पाहू. वेबसाइटवर बटण दाबल्यावर होणारी सगळी कामं त्याच क्षणी होत नाहीत. पावतीची पीडीएफ बनवणं, एसएमएस पाठवणं, फोटो लहान करणं अशी वेळखाऊ कामं वेबसाइट एका रांगेत टाकते आणि तुम्हाला "तुमची विनंती मिळाली" असं सांगून मोकळी होते. पडद्यामागे दुसरा एक प्रोग्रॅम त्या रांगेतून एकेक काम उचलून पुरं करतो. त्याला वर्कर म्हणतात. वर्करला काम आल्याचं कळावं कसं, हा सगळा प्रश्न आहे.

खानावळीत हे दोन प्रकारे होतं. आचारी ताट तयार झालं की घंटा वाजवतो, किंवा वेटरच मधूनमधून खिडकीशी जाऊन बघून येतो. संगणकातही हेच दोन मार्ग आहेत, आणि घंटा असेल तर ती केव्हाही बरी. पण प्रत्येक ठिकाणी घंटा नसते. अनेक लहानमोठ्या यंत्रणांत रांग म्हणजे डेटाबेसमधला एक साधा तक्ता असतो. नवं काम आलं की त्यात एक ओळ वाढते. तक्ता स्वतःहून कुणाला हाक मारत नाही, त्यामुळे वर्करलाच फेऱ्या माराव्या लागतात.

घंटा आणि फेरी यांच्या मधला एक मार्गही आहे. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांगसेवेत वर्कर विचारायला गेला आणि रांग रिकामी असली, तर सेवा त्याला लगेच "नाही" म्हणून परत पाठवत नाही. जास्तीत जास्त २० सेकंद ती त्याला दाराशीच थांबवून ठेवते, आणि तेवढ्यात काम आलं तर तिथल्या तिथे हातात देते. याला लाँग पोलिंग म्हणतात. एक वर्कर अशा तऱ्हेने दिवसभर विचारत राहिला, तरी रिकाम्या रांगेवर त्याच्या ४,३२० फेऱ्या होतात आणि उशीर जवळपास होतच नाही. ही सोय जिथे आहे तिथे ती वापरावी, पुढचा खटाटोप करू नये. पण मायक्रोसॉफ्टच्या अझूर स्टोरेज क्यूमध्ये ती नाही, डेटाबेसच्या साध्या तक्त्यातही नाही. ॲडॅप्टिव्ह पोलिंगचं खरं क्षेत्र हेच.

दुप्पट थांबायचं, झटकन परतायचं

एक उदाहरण घेऊन हिशोब मांडू. समजा, एका शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसाला चारशे रिपोर्ट तयार होतात. सकाळी रक्ताचे नमुने गोळा होतात, मशिनवर एकत्र लावले जातात, डॉक्टर ते तपासून मंजूर करतात. मंजूर झालेला प्रत्येक रिपोर्ट रांगेत जातो. वर्कर त्याची पीडीएफ करून रुग्णाच्या मोबाइलवर पाठवतो, एका रिपोर्टला दोन सेकंद लागतात. रिपोर्ट एकेक करून येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. डॉक्टर बसले की दहा-वीस, कधी साठ रिपोर्ट भराभर मंजूर होतात, मग तासभर शांतता. रात्री नऊ ते सकाळी आठ तर रांगेत चिटपाखरूही नसतं.

वर्कर सेकंदाला दहा वेळा बघत असेल तर रिपोर्ट झटपट जातात, पण रात्रीच्या त्या अकरा तासांत तो जवळपास चार लाख वेळा रिकाम्या हाताने परततो. म्हणून कुणी त्याला "मिनिटाला एकदाच बघ" असं सांगितलं, तर रात्रीची बचत होते आणि दिवसाचा गोंधळ सुरू होतो. हा वर्कर एका फेरीत एकच रिपोर्ट उचलतो. साठ रिपोर्टांचा गठ्ठा आला की शेवटचा रिपोर्ट बाहेर पडायला एक तास लागतो. खरं काम दोन मिनिटांचं, उरलेला सगळा वेळ झोपेत.

दोन्ही वेळचे नियम वेगळे हवेत हे इथे दिसतं. आणि वेळ कोणती हे घड्याळ बघून ठरवायची गरज नाही, रांगच ते सांगते. काम मिळालं तर पुढच्या फेरीआधी ०.१ सेकंद थांबायचं. नाही मिळालं तर थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा, पुन्हा नाही मिळालं तर पुन्हा दुप्पट, अशी वाढ एका कमाल मर्यादेपर्यंत. पायथन भाषेत हा नियम असा दिसतो:

```python
wait = 0.1
while True:
    job = take_next()
    if job:
        run(job)
        wait = 0.1
    else:
        wait = min(wait * 2, 60)
    sleep(wait * random.uniform(0.8, 1.2))
```

शेवटच्या ओळीतल्या `random`कडे नंतर येऊ. त्याआधीच्या ओळींत युक्तीचा सगळा गाभा आहे. थांबण्याचे टप्पे ०.२, ०.४, ०.८, १.६ सेकंद असे वाढत ५१.२ सेकंदांपर्यंत जातात आणि मग ६० वर अडतात. हे नऊ टप्पे संपायला १०२ सेकंद लागतात. म्हणजे शेवटचा रिपोर्ट गेल्यावर पावणेदोन मिनिटांच्या आतच वर्कर जवळपास पूर्ण सुस्तावतो. जाग मात्र त्याला टप्प्याटप्प्याने येत नाही. एक काम दिसलं की ६० वरून थेट ०.१ वर उडी. हा लंगडा तोल मुद्दाम ठेवलेला आहे. झोपताना घाई केली तर उशीर होतो, उठताना आळस केला तरी उशीरच होतो. म्हणून झोपायचं सावकाश आणि उठायचं ताडकन.

लॅबच्या दिवसाचा हिशोब आता असा होतो. चारशे फेऱ्यांत काम मिळतं. दिवसभरात वीस गठ्ठे आले असं धरलं, तर प्रत्येक गठ्ठ्यानंतर सुस्तावताना नऊ-दहा रिकाम्या फेऱ्या, म्हणजे सगळ्या मिळून दोनशे. उरलेला बहुतेक वेळ मिनिटाला एक याप्रमाणे चौदाशे. एकूण दोन हजारांच्या आसपास. साडेआठ लाखांवरून दोन हजार! साठांचा गठ्ठाही आता एका तासाऐवजी जाग आल्यापासून दोन मिनिटं सहा सेकंदांत उरकतो.

अझूर फंक्शन्स या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत स्टोरेज क्यूसाठी नेमका हाच नियम अंगभूत आहे. संदेश मिळाला तर १०० मिलिसेकंदांनी पुन्हा बघायचं, नाही मिळाला तर सुमारे २००, आणि पुढे वाढवत कमाल एक मिनिट. रिकाम्या रांगेवरच्या चौकशांचा ग्राहकाला पडणारा खर्च कमी व्हावा, हे त्याचं कारण कंपनीच्याच माहितीपत्रकात दिलेलं आहे, कारण तिथे प्रत्येक चौकशीचे पैसे लागतात, उत्तर "नाही" असलं तरी.

तुमच्या खिशातला फोनही याच चालीने बॅटरी वाचवतो. ४जी नेटवर्कवर व्हिडिओ चालू असताना फोनचा रेडिओ टॉवरकडे सतत कान देऊन असतो. डेटा थांबला की तो आधी छोट्या अंतराने ऐकतो, तरीही शांतता राहिली तर मोठ्या अंतराने, आणि शेवटी पूर्ण निवांत झाल्यावर साधारण सव्वा सेकंदातून एकदा क्षणभर जागा होऊन "माझ्यासाठी कॉल आहे का" एवढंच बघतो. अंतरं नेटवर्क ठरवून देतं, पण तत्त्व तेच.

साठ की पाच?

चूक होते ती कमाल मर्यादेच्या आकड्यात. वरच्या कोडमधला ६० हा आकडा बहुतेक जण खर्चाचा आकडा समजतात: जितका मोठा, तितकी बचत जास्त. खरं तर तो आश्वासनाचा आकडा आहे. "शांततेनंतर आलेलं पहिलं काम जास्तीत जास्त इतका वेळ पडून राहील" असं तो रुग्णाला, ग्राहकाला सांगत असतो. ६० लिहिलं म्हणजे वाईटात वाईट एक मिनिट, सरासरी अर्धं मिनिट. वर्कर गाढ झोपलेला असताना साठ रिपोर्ट एकदम मंजूर झाले, तर ती झोप साठांच्याही वाट्याला येते. फक्त प्रत्येक रिपोर्टमागे वेगळी नव्हे, अख्ख्या गठ्ठ्यामागे एकदाच.

आता बचतीकडे बघा. दर ०.१ सेकंदाला एक फेरी म्हणजे दिवसाला ८ लाख ६४ हजार. दर पाच सेकंदांना एक फेरी म्हणजे १७,२८०. नुसत्या पाचवर थांबलं तरी पन्नासपट घट झाली, ९८ टक्के हेलपाटे संपले. पाचवरून साठपर्यंत गेल्यास फेऱ्या १,४४० होतात. मूळ आकड्याच्या तुलनेत ही वाढीव बचत दोन टक्क्यांहूनही कमी, आणि त्या बदल्यात उशीर मात्र बारापट. एका लॅबच्या एका तक्त्यासाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. पाच सेकंदांना एक साधी चौकशी कुठल्याही डेटाबेसला जाणवतसुद्धा नाही.

साठ सेकंदांना अर्थ येतो तो रांगा हजारोंनी असतात तेव्हा. एखाद्या कंपनीने आपल्या दहा हजार ग्राहकांसाठी वेगवेगळ्या रांगा ठेवल्या आणि त्यांतल्या बहुतेक दिवसचे दिवस रिकाम्या असतात, तर पाच सेकंदांच्या हिशोबाने दर सेकंदाला दोन हजार चौकशा होतात, साठच्या हिशोबाने १६७. तिथे हा फरक खरोखरचा आहे. अझूरसारख्या सेवेने सर्वांसाठी म्हणून ठरवलेली मर्यादा एक मिनिटाची का, ते यावरून समजतं. पण सर्वांसाठी योग्य ते तुमच्यासाठी योग्य असेलच असं नाही. ती मर्यादा बदलण्याची सोय `host.json` या फाइलमध्ये आहे:

```json
{
  "version": "2.0",
  "extensions": {
    "queues": {
      "maxPollingInterval": "00:00:05"
    }
  }
}
```

इथे एक गंमतही आहे. अझूर फंक्शन्स डेव्हलपरच्या स्वतःच्या संगणकावर चालवली की हीच मर्यादा दोन सेकंदांची असते. त्यामुळे तो चाचणी घेतो तेव्हा सगळं चटकन होताना दिसतं. तोच प्रोग्रॅम क्लाउडवर गेला की मर्यादा मिनिटाची होते, आणि "ऑफिसात चालत होतं, इथे का रखडतंय?" हा शोध सुरू होतो. कोडमध्ये दोष शोधून सापडत नाही, कारण दोष कोडमध्ये नसतोच.

उशिराचं कारण ओळखायचं कसं

रखडण्याची कारणं दोन असू शकतात: वर्कर झोपलेला होता, किंवा वर्कर कामात बुडालेला होता. दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे आहेत. पहिल्यात मर्यादा कमी करायची, दुसऱ्यात वर्कर वाढवायचे. निदान चुकलं तर वर्कर वाढवूनही तक्रार तशीच राहते आणि बिल तेवढं वाढतं.

निदानासाठी प्रत्येक कामाच्या दोन वेळा नोंदवाव्या लागतात: रांगेत पडल्याची आणि वर्करने हातात घेतल्याची. दोन्हींतला फरक म्हणजे खोळंबा. त्याची नुसती सरासरी काढून काही हाती लागत नाही, कारण मोठ्या गठ्ठ्यातली झटपट झालेली कामं शांततेनंतरच्या एकट्यादुकट्या कामाचा उशीर झाकून टाकतात. त्याऐवजी प्रत्येक कामाचा खोळंबा आणि त्या कामाआधीची शांतता शेजारी शेजारी मांडावी. मोठे खोळंबे लांब शांततेनंतरच दिसत असतील आणि एकही कमाल मर्यादेच्या फारसा पुढे जात नसेल, तर कारण झोप. खोळंबे रांगेच्या लांबीबरोबर वाढत असतील आणि मर्यादा ओलांडून कुठल्या कुठे जात असतील, तर कारण कामाचा भार.

ही मांडणी केली की दुप्पट करण्याच्या नियमाचा एक सुंदर गुणही दिसतो. मर्यादेला टेकेपर्यंत, कुठल्याही कामाचा खोळंबा त्याच्याआधीच्या शांततेपेक्षा जास्त होत नाही. रांग रिकामी झाल्यापासून मोजलं तर फेऱ्या ०.२, ०.६, १.४, ३ अशा सेकंदांना पडत जातात, पुढे २५.४, ५१ आणि १०२.२ ला. पन्नासाव्या सेकंदाला आलेलं काम ५१ व्या सेकंदाला उचललं जातं, फक्त एक सेकंद उशीर. बावन्नाव्या सेकंदाला आलेलं काम मात्र नेमकं चुकतं आणि पुढच्या फेरीपर्यंत पन्नास सेकंद थांबतं. नशीब वाईट असलं तरी खोळंबा बावन्नच्या आतच. तीन सेकंदांच्या शांततेनंतर आलेल्या कामाला पन्नास सेकंद थांबावं लागलं असं इथे घडूच शकत नाही. जितकी शांतता, फार तर तितकाच विलंब.

पण याच गुणातून मर्यादाही उघडी पडते. कामं गठ्ठ्याने न येता एकेकटी, दर दहा मिनिटांना एक अशी येत असतील, तर प्रत्येक काम हे शांततेनंतरचं पहिलं काम ठरतं. दिवसाच्या १४४ कामांपैकी प्रत्येकाला सरासरी अर्धं मिनिट थांबावं लागेल, आणि झपाट्याने विचारण्याचा काळ कधी उपयोगी पडणारच नाही. अशा रांगेवर ॲडॅप्टिव्ह पोलिंग लावणं आणि सरळ मिनिटाला एकदा बघणं, यात काही फरक उरत नाही. ही युक्ती एका गृहीतकावर उभी आहे: एक काम आलं की त्यामागे आणखी येण्याची शक्यता जास्त. लॅब, तिकीट खिडकी, निकालाचा दिवस इथे ते खरं असतं. सगळीकडे नसतं.

एक नव्हे, वीस वर्कर

आता त्या `random`कडे वळू. वीस वर्कर एकाच वेळी सुरू झाले, सगळ्यांनी तेच टप्पे मोजले, तर वीसही जण एकाच क्षणी दार ठोठावतात आणि मग साठ सेकंद सगळेच गायब. वीस जण राबतात, पण रांगेवर नजर पडते ती मिनिटातून एकदाच. हे योगायोगाने होत नाही. नवी आवृत्ती बसवली की सगळे वर्कर एकदमच नव्याने सुरू होतात, आणि मोठा गठ्ठा संपला की सगळे साधारण एकाच वेळी सुस्तावू लागतात. प्रत्येकाच्या थांबण्यात थोडा कमी-जास्तपणा मिसळला की काही फेऱ्यांतच त्यांची पावलं विस्कटतात. मग प्रत्येकाची मर्यादा साठची असली, तरी वीस जणांत मिळून सरासरी दर तीन सेकंदांना कुणी ना कुणी रांगेत डोकावतं. अझूरच्या नियमातही हा विस्कळीतपणा मुद्दाम घातलेला आहे.

म्हणजे मर्यादा ठरवताना वर्कर किती आहेत तेही धरावं लागतं. रुबी भाषेत लोकप्रिय असलेल्या साइडकिक या रांगप्रणालीत, ठरावीक वेळी करायच्या कामांची तपासणी याच हिशोबाने होते. सध्याच्या आवृत्त्यांत प्रोसेसची संख्या गुणिले पाच सेकंद या हिशोबाने प्रत्येकीचं अंतर ठरतं, त्यातही यादृच्छिकपणा. आठ प्रोसेस असतील तर प्रत्येक जण सरासरी चाळीस सेकंदांना एकदा बघतो, आणि सगळ्यांचं मिळून पाच सेकंदांना एकदा बघणं होतं. प्रोसेस वाढवल्या म्हणून चौकशांचा भार वाढत नाही.

"काम नाही" आणि "उत्तरच नाही"

फेरीला दोनच उत्तरं असतात असं आतापर्यंत धरलं: काम आहे, किंवा नाही. प्रत्यक्षात तिसरंही असतं. नेटवर्क तुटतं, डेटाबेस उत्तर देत नाही, चौकशी अर्ध्यावर फसते. अशा वेळी वर्करने लगेच पुन्हा विचारलं, तर आधीच गुदमरलेल्या यंत्रणेवर तो आणखी भार टाकतो. त्रुटी आली तरी थांबण्याचा वेळ वाढलाच पाहिजे, आणि तो रिकाम्या रांगेच्या मोजणीहून वेगळा मोजला पाहिजे, म्हणजे नोंदी वाचणाऱ्याला "शांत आहे" आणि "बंद पडलंय" यांतला फरक कळतो.

उतावळ्या चौकशांची किंमत भारतात कोट्यवधी लोकांनी एकदा मोजलेली आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभरात यूपीआय व्यवहार कित्येक तास अडखळले. ही यंत्रणा चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयला तपासात आढळलं की काही बँकांकडून "हा व्यवहार झाला का?" अशा चौकशांचा पूर आला होता, जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हापुन्हा विचारलं जात होतं. पैसे पाठवण्याच्या खऱ्या विनंत्यांना त्या पुरातून वाट काढावी लागली. त्यानंतर चौकशीच्या नियमांवर बोट ठेवण्यात आलं: एका व्यवहाराबद्दल जास्तीत जास्त तीनदा विचारायचं, आणि तेही लागोपाठ नव्हे, मध्ये अंतर ठेवून. समोरचा जितका मंदावेल तितकं विचारणाऱ्यानेही मंदावलं पाहिजे, आणि ते त्याच्या मर्जीवर न सोडता नियमातच बांधलेलं असलं पाहिजे.

चौथं एक उत्तर त्याहून फसवं. "काम आहे" असं कळतं, पण ते काम कधीच पुरं होत नाही. लॅबच्या एका रुग्णाच्या नोंदीत वयाच्या जागी अक्षरं पडली आणि पीडीएफ बनवताना वर्कर दरवेळी कोसळतो असं समजा. काम रांगेत परत जातं, ०.१ सेकंदाने पुन्हा सापडतं, पुन्हा कोसळतं. दरवेळी "काम मिळालं" म्हणून थांबण्याचा वेळ पुन्हा ०.१ वर येतो. रात्रभर रांगेत एकच काम, आणि वर्कर मात्र भरगच्च दिवसासारखा धावतोय. ओळखायची खूण म्हणजे सापडलेल्या कामांचा आकडा मोठा आणि पुऱ्या झालेल्यांचा शून्य, शिवाय नोंदींत तोच क्रमांक पुन्हापुन्हा. म्हणून प्रयत्नांना मर्यादा लागते. अझूर फंक्शन्समध्ये पाच प्रयत्न फसले की संदेश एका वेगळ्या रांगेत हलवला जातो. तिचं नाव मूळ रांगेच्या नावापुढे `-poison` जोडून तयार होतं. ती रांग सकाळी माणसाने उघडून बघायची असते.

घंटा लावली तरी

डेटाबेसचा साधा तक्ता स्वतःहून हाक मारत नाही हे खरं, पण पोस्टग्रेससारख्या काही डेटाबेसमध्ये त्याला घंटा जोडता येते. नवी ओळ घालणारा प्रोग्रॅम `NOTIFY` ही आज्ञा देतो, आणि `LISTEN` करून बसलेल्या वर्करला तत्काळ जाग येते. लॅबच्या बाबतीत मंजूर झालेला रिपोर्ट रात्री दोन वाजताही क्षणात उचलला जाईल. मग फेऱ्या बंदच कराव्यात का?

नाही, कारण ही घंटा ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर ती हवेत विरते. वर्कर नव्याने सुरू होत होता, दोन सेकंदांसाठी नेटवर्क तुटलं होतं, तेवढ्यात आलेली सूचना कुणासाठी राखून ठेवली जात नाही. काम मात्र तक्त्यात तसंच असतं. म्हणून जाणकार दोन्ही वापरतात: जाग आणायला घंटा, आणि राहून गेलेलं शोधायला विरळ फेरी. अशा जोडीत कमाल मर्यादा साठ सेकंद ठेवली तरी चालते, कारण तो खोळंबा आता रोज सकाळच्या पहिल्या रुग्णाच्या वाट्याला न येता, सूचना हरवलेल्या एखाद्या कामाच्याच वाट्याला येतो. कुठलं काम घंटेने उचललं आणि कुठलं फेरीत सापडलं हे प्रत्येक नोंदीत लिहून ठेवलं, की दुसऱ्या प्रकारचा आकडा वाढताना दिसला तर घंटेची तार कुठेतरी सैल झालीय, हे रुग्णाचा फोन यायच्या आधी लॅबला कळतं.